'अनलेस'च्या पोटातलं 'नाही'

*प्रश्न: मी ऑफिसमधून एका ग्राहकाला मेल पाठवला: 'अनलेस यू डोन्ट पे बाय फ्रायडे, वी विल नॉट सेंड द गुड्स.' पुढे उशिराचं कारण लिहिलं: 'द सर्व्हर वॉज डाउन सो दॅट वी कुड नॉट रिप्लाय अर्लिअर.' साहेबांनी 'डोन्ट' खोडलं आणि 'सो दॅट'भोवती गोल केला. मराठीत आपण 'पैसे देत नाही तोपर्यंत' म्हणतो, मग इंग्रजीत 'नाही' का नको? 'अनलेस'नंतर 'नॉट' कधीच येत नाही का? आणि 'म्हणून'ला 'सो दॅट' लिहिलं तर काय बिघडलं?*

साहेबांच्या दोन्ही खुणा बरोबर आहेत. पण 'अनलेसनंतर नॉट कधीच लिहायचं नाही' असं त्यांनी सांगितलं असेल, तर तो नियम पाठ करू नका, कारण तो चुकीचा आहे. मी बरीच वर्षं मराठी माणसांनी लिहिलेली इंग्रजी पत्रं आणि करार तपासतोय. या दोन चुका मला जवळपास रोज भेटतात. दोन्हींचं मूळ एकच आहे: कोणत्या शब्दाच्या पोटात आधीच काय आहे, 'नाही', कारण की हेतू, हे कुणी आपल्याला सांगितलेलं नसतं.

आधी मराठीचंच ऐकू. 'पैसे भरल्याशिवाय माल मिळणार नाही.' यात 'भरल्या' हे रूप होकारी आहे. नकार 'शिवाय'मध्ये आहे. आता 'पैसे न भरल्याशिवाय माल मिळणार नाही' असं म्हणून बघा. व्याकरणाचं पुस्तक कधी उघडलं नसलं तरी कानाला ते लगेच खटकतं. 'अनलेस यू डोन्ट पे' इंग्रजी कानाला असंच खटकतं. 'अनलेस' म्हणजे आपलं 'शिवाय'. नकार त्याच्या पोटात आहे, त्यामुळे पुढचं क्रियापद होकारीच ठेवायचं: 'अनलेस यू पे', 'भरल्याशिवाय'.

गडबड होते ती आपल्याकडे हीच गोष्ट सांगायची दुसरीही पद्धत असल्यामुळे: 'जोपर्यंत पैसे भरत नाही, तोपर्यंत माल मिळणार नाही.' यात 'नाही' दोनदा येतं आणि ते अगदी शुद्ध मराठी आहे. का? 'जोपर्यंत' एक कालावधी मोजतं, एक लांब रेघ. पैसे न भरलेल्या अवस्थेची एक रेघ, माल न मिळण्याची दुसरी, आणि दोन्ही शेजारीशेजारी चालतात. पहिल्या रेघेतली अवस्था नकारी असल्यामुळे तिथे 'नाही' यायलाच हवं. ते काढलं तर अर्थ बदलतो: 'जोपर्यंत पैसे भरतोस तोपर्यंत माल मिळेल' हे वेगळंच वाक्य झालं. इंग्रजी मात्र या जागी रेघ मोजत नाही, रेघेचं टोक दाखवतं. 'अनटिल यू पे' म्हणजे पैसे भरण्याच्या क्षणापर्यंत, आणि तो क्षण होकारी घटनेचा आहे. म्हणून 'अनटिल यू डोन्ट पे' हीसुद्धा 'अनलेस यू डोन्ट पे'ची सख्खी बहीण आहे. तुमच्या जुन्या मेलमध्ये एक चूक सापडली तर दुसरीही शोधा, बहुधा असेल.

थोडक्यात, डोक्यात 'जोपर्यंत… नाही' घेऊन 'अनलेस' लिहायला बसलात तर 'डोन्ट' आपोआप उमटतं. '-ल्याशिवाय' घेऊन बसलात तर उमटत नाही. मी शिकवताना सगळ्यात आधी एवढंच बदलायला सांगतो. इंग्रजीचा नियम पाठ करण्याआधी आपलं मराठी वाक्य बदला. 'जोपर्यंत तुम्ही फॉर्म देत नाही'चं 'फॉर्म दिल्याशिवाय' करा, आणि मगच इंग्रजीत जा.

या चुकीची दुसरी वाट शाळेतून येते. शाळेत शिकवतात की 'अनलेस' म्हणजे 'इफ… नॉट', आणि मग 'इफ'ची वाक्यं 'अनलेस'ने लिहून आणायला सांगतात. 'इफ यू डू नॉट वर्क, यू विल फेल' यातला 'इफ' खोडून मूल 'अनलेस' लिहितं. 'डू नॉट' जागेवरच राहतं, कारण ते दोन शब्दांपलीकडे असतं आणि बदलायला सांगितलेला शब्द एकच वाटतो. खरं तर 'इफ' आणि 'नॉट' दोन्ही काढून त्यांच्या जागी एक 'अनलेस' येतो. पंचेचाळिशीतले व्यवस्थापकसुद्धा ही शाळकरी चूक करतात, कारण एकदा बसलेला हात सहजी सुटत नाही.

आता एक कूट. तुमचं वाक्य चुकीचं होतं, तरी ग्राहकाला अर्थ कळला असणार. 'पैसे न भरले तरच माल पाठवू' असं कोणताही विक्रेता म्हणणार नाही, त्यामुळे वाचणारा मनातल्या मनात वाक्य दुरुस्त करून पुढे जातो. तीन नकार एकत्र आले ('अनलेस', 'डोन्ट', 'विल नॉट') की माणसाचं डोकं ते मोजत नाही, अंदाजाने अर्थ लावतं. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1979 मध्ये एका सहलेखिकेसोबत अशाच एका वाक्याचा अभ्यास मांडला होता: 'नो हेड इंज्युरी इज टू ट्रिव्हिअल टू बी इग्नोअर्ड.' बहुतेक वाचकांना ते 'डोक्याला लागलेलं कितीही किरकोळ असो, दुर्लक्ष करू नका' असं वाटतं. शब्दशः अर्थ बरोबर उलटा आहे: कितीही किरकोळ असो, दुर्लक्ष करा. वाचक चूक पकडत नाही, कारण शहाणपणाचा अर्थ त्याला आधीच माहीत असतो.

म्हणून ही चूक वर्षानुवर्षं खपते. उलटा अर्थही तितकाच शक्य असतो तिथे मात्र ती गळ्याशी येते. असं एक प्रकरण माझ्यासमोर आलं होतं, ते तपशिलात सांगतो.

दोन पक्षांमधला वार्षिक करार होता. मराठी मसुद्यात कलम होतं: 'मुदत संपण्यापूर्वी 30 दिवस कोणत्याही पक्षाने नोटीस दिली नाही, तर करार आपोआप पुढील वर्षासाठी चालू राहील.' अर्थ सरळ आहे. कुणी काही बोललं नाही तर करार चालू. भाषांतर करणाऱ्याने 'नाही तर' बघून 'अनलेस' घेतला आणि 'नाही'साठी 'डज नॉट'ही ठेवलं. वाक्य झालं: 'द ॲग्रीमेंट विल बी रिन्यूड अनलेस आयदर पार्टी डज नॉट गिव्ह नोटिस.' आता हे सावकाश वाचा. करार चालू राहील. कधी राहणार नाही? दोघांपैकी कुणा एकाने नोटीस दिली नाही तर. म्हणजे दोघांनीही नोटीस दिली तरच करार चालू राहणार आणि दोघं गप्प बसले तर संपणार. मूळ अर्थ पूर्ण पालथा झाला. आणि हे हास्यास्पदही वाटत नाही. 'दोन्ही पक्षांनी कळवलं तरच नूतनीकरण' अशी कलमं खरोखर असतात. त्यामुळे वाचणाऱ्याला दुरुस्त करायला काही कारणच उरत नाही. सही होण्याआधी ते कलम माझ्याकडे आलं म्हणून निभावलं. दुरुस्ती छोटीशीच होती: 'अनलेस आयदर पार्टी गिव्ह्ज नोटिस.'

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तुमच्या वाक्यात मुख्य भाग नकारी होता, 'माल पाठवणार नाही'. करारातला मुख्य भाग होकारी होता, 'चालू राहील'. मुख्य भाग होकारी असेल आणि 'अनलेस'मागे 'नॉट' आलं असेल, तर दोनदा थांबा. अशी वाक्यं व्याकरणात बसतात, त्यामुळे कुणी हटकत नाही, आणि अर्थ मात्र उलटलेला असू शकतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. 'अनलेस'नंतर 'नॉट' योग्य कधी? मी एक चाचणी वापरतो. 'अनलेस'चा तुकडा झाकून ठेवा आणि मुख्य वाक्याला पूर्णविराम द्या. मग स्वतःला विचारा, 'हे कधी खोटं ठरेल?' मराठीत जे उत्तर येईल तेच 'अनलेस'नंतर लिहायचं, त्यात काही घालायचं नाही आणि काही काढायचंही नाही.

तुमचं वाक्य घेऊ. 'वी विल नॉट सेंड द गुड्स.' माल पाठवणार नाही. हे कधी खोटं ठरेल? पैसे भरले तर. उत्तर होकारी, म्हणून 'अनलेस यू पे'. आता दुसरं: 'आय विल बुक अ टिकेट फॉर यू.' तुमचं तिकीट काढतो. हे कधी खोटं ठरेल? तुम्हाला नको असेल तर. उत्तरातच नकार आहे, म्हणून 'अनलेस यू डोन्ट वॉन्ट वन' हे शुद्ध, रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी आहे. इथे साहेबांनी 'डोन्ट' खोडलं तर अर्थाची वाट लागेल: 'तिकीट काढतो, तुम्हाला हवं असेल तर मात्र नाही.'

आणि गंमत म्हणजे खुद्द 'अनलेस यू डोन्ट पे' हे शब्दही योग्य जागी बरोबर ठरतात. 'युअर कनेक्शन विल कंटिन्यू.' जोडणी चालू राहील. कधी खोटं ठरेल? पैसे भरले नाहीत तर. मग 'अनलेस यू डोन्ट पे' तर्काला धरून आहे. तरी मी ते तसं लिहिणार नाही. 'ॲज लाँग ॲज यू पे' लिहीन, म्हणजे 'पैसे भरत आहात तोपर्यंत'. किंवा नकारच दाखवायचा असेल तर 'अनलेस यू फेल टू पे'. 'फेल टू' आलं की वाचणाऱ्याला कळतं की इथला नकार मुद्दाम ठेवलेला आहे, हात घसरून आलेला नाही. सूचना किंवा नियम लिहिताना ही खूण उपयोगी पडते.

'अनलेस' आणि 'इफ नॉट' सगळीकडे अदलाबदल करता येतात असंही समजू नका. 'अनलेस' अपवाद सांगतं, म्हणजे 'एवढं एक सोडून'. जिथे न घडणं हा अपवाद नसून परिणामाचं कारण असतं, तिथे ते चालत नाही. 'ती आली नाही तर मला आश्चर्य वाटेल' यात न येण्यामुळेच आश्चर्य वाटणार आहे. म्हणून 'आय विल बी सरप्राइज्ड इफ शी डझन्ट कम'. 'अनलेस शी कम्स' लिहिलं तर 'एरवी मी आश्चर्यातच असतो, ती आली तर थांबतो' असा काहीतरी विचित्र अर्थ निघतो. तसंच जे घडून गेलं त्याची उलटी कल्पना करताना, 'तू फोन केला नसतास तर मी विसरलो असतो', तिथेही 'इफ यू हॅडन्ट कॉल्ड'च लिहा. शंका आली की 'इफ नॉट' घ्या, ते सहसा फसवत नाही.

आणखी एक छोटी गोष्ट, कारण ती तुमच्या पुढच्या मेलमध्ये येणारच: 'अनलेस'च्या तुकड्यात भविष्याचा 'विल' घालू नका. 'अनलेस यू विल पे बाय फ्रायडे' नाही, 'अनलेस यू पे बाय फ्रायडे'. शुक्रवार पुढचा असला तरी क्रियापद साध्या वर्तमानकाळात. '-ल्याशिवाय'लाही काळ नसतोच.

'अनलेस'कडून 'सो दॅट'कडे जाताना मध्ये एक जुना शब्द लागतो, 'लेस्ट'. शाळेत तुम्ही 'वर्क हार्ड लेस्ट यू शुड फेल' घोकलं असेल. 'अनलेस' आणि 'लेस्ट' या दोघांच्याही आत एकच 'लेस' बसलेला आहे, 'कमी' या अर्थाचा. 'अनलेस'मधला 'अन' हा 'अनहॅपी'मधला नकारी उपसर्ग नाही. पंधराव्या शतकाच्या आसपास तो 'ऑन लेस' असा होता, म्हणजे 'याहून कमी अटीवर'. पुढे तो 'अन' झाला. 'लेस्ट' त्याहूनही जुना, प्राचीन इंग्रजीतल्या 'ज्यायोगे कमी' अशा अर्थाच्या शब्दसमूहातून आलेला. दोन्हीकडे नकाराचं काम या 'लेस'ने पत्करलंय. म्हणून 'लेस्ट यू शुड नॉट फेल' ही चूकही त्याच कुळातली. नापास होऊ नये म्हणून अभ्यास कर असं सांगायला गेलात आणि नापास व्हावं म्हणून कर असं सांगून बसलात.

'लेस्ट' आज मेलमध्ये लिहू नका, उगाच भारदस्त वाटतो. पण तो 'सो दॅट'शी ताडून बघा. 'लेस्ट यू फेल' म्हणजेच 'सो दॅट यू डोन्ट फेल'. 'लेस्ट'च्या पोटात नकार आहे, 'सो दॅट'च्या पोटात नाही. त्यामुळे 'सो दॅट'सोबत नकार हवा असेल तर तो स्वतः लिहावाच लागतो. 'अनलेस'ची चूक एकदा सुधारली की काही जण घाबरून 'सो दॅट'मागचं 'नॉट'ही खोडतात. मी असं पाहिलंय: 'प्लीज सेव्ह द फाइल सो दॅट यू लूज युअर वर्क.' काम हरवावं म्हणून फाइल सेव्ह करा!

आता तुमच्या सर्व्हरच्या वाक्याकडे येऊ. मराठीत 'म्हणून' दोन कामं करतं. 'सर्व्हर बंद पडला म्हणून उत्तर देता आलं नाही' इथे ते कारण सांगतं. 'उत्तर लवकर मिळावं म्हणून फोन केला' इथे ते हेतू सांगतं. इंग्रजीत या दोन कामांना दोन वेगळी माणसं आहेत. कारणाला 'बिकॉज' किंवा नुसता 'सो', हेतूला 'सो दॅट'. तुम्ही कारणाच्या जागी हेतूचा माणूस उभा केलात. त्यामुळे वाक्याचा अर्थ असा लागतो की लवकर उत्तर देता येऊ नये यासाठी सर्व्हर बंद ठेवला होता. ग्राहक हसला असेल किंवा चिडला असेल. काहीही झालं असेल, दोष त्याचा नाही.

कोणता 'म्हणून' कुठला हे ओळखायला मराठीनेच सोय केलेली आहे. 'म्हणून'च्या लगेच आधीचं क्रियापद बघा. ते 'मिळावं', 'यावा', 'व्हावी' अशा रूपात असेल, किंवा 'चुकू नये', 'हरवू नये' असं असेल, तर हेतू आहे आणि 'सो दॅट' लिहायचं. ते 'पडला', 'आहे', 'होता', 'आलं नाही' असं साधं असेल, तर कारण आहे आणि 'सो दॅट' लिहायचं नाही. 'पाऊस आला म्हणून थांबलो' यात 'आला', म्हणजे कारण. 'पाऊस यावा म्हणून थांबलो' यात 'यावा', म्हणजे हेतू. फक्त क्रियापदाच्या रूपाचा फरक आहे आणि मराठी कानाला तो कधी चुकत नाही. तोच कान इंग्रजी लिहिताना वापरायचा.

प्रामाणिकपणे सांगायचं तर छापील इंग्रजीत 'सो दॅट' कधीकधी परिणामाच्या अर्थानेही येतो, त्याच्या आधी स्वल्पविराम देऊन. पण मेलमध्ये तो स्वल्पविराम कुणी देत नाही. शिवाय तुम्ही पुढे 'कुड नॉट' लिहिलंत, आणि भूतकाळात 'कुड' किंवा 'वुड' हीच हेतूची ओळख आहे. त्यामुळे तुमच्या वाक्याला हेतूचा अर्थ दुप्पट चिकटला.

ती ओळख कशी काम करते ते बघू. मुख्य क्रिया आजची किंवा पुढची असेल तर 'सो दॅट'नंतर 'कॅन' किंवा 'विल': 'आय ॲम सेंडिंग द फाइल टुडे सो दॅट यू कॅन चेक इट.' मुख्य क्रिया झालेली असेल तर 'कुड' किंवा 'वुड': 'आय सेंट द फाइल येस्टरडे सो दॅट यू कुड चेक इट.' मराठीत 'तपासता यावी म्हणून' दोन्ही ठिकाणी तसंच राहतं, त्यामुळे आपण इंग्रजीतही एकच रूप दोन्हीकडे वापरतो. काल पाठवलेल्या फाइलमागे 'कॅन' लिहिलंत तर आभाळ कोसळणार नाही, पण 'सेंट' आणि 'कुड' एकमेकांना धरून असतात.

नकारी हेतूत 'नये' आपल्याला आणखी एक खड्डा खणून ठेवतं. 'जाऊ नये'चं 'शुड नॉट गो' आपण शाळेत शिकलो, म्हणून 'डेटा हरवू नये म्हणून'चं 'सो दॅट वी शुड नॉट लूज द डेटा' होतं. हे चूक नाही, पण आज फार जुनाट आणि जड वाटतं. 'शुड'ची सवय सोडा. 'सो दॅट वी डोन्ट लूज द डेटा', आणि भूतकाळात 'सो दॅट वी वुडन्ट लूज द डेटा', एवढं पुरे.

आणि एकच माणूस दोन्ही कामं करत असेल, म्हणजे लवकर निघणारा आणि बस चुकू नये असं वाटणारा एकच असेल, तर 'सो दॅट'ची गरजच नाही. होकारी हेतूला नुसता 'टू' पुरतो: 'आय लेफ्ट अर्ली टू कॅच द बस.' नकारी हेतूला मात्र नुसतं 'नॉट टू मिस द बस' लंगडं पडतं. तिथे 'सो ॲज नॉट टू मिस' किंवा 'इन ऑर्डर नॉट टू मिस' लिहा. या दोन मांडण्यांची भेसळ करू नका. 'सो दॅट टू अव्हॉइड डिले' असं अर्धं इथलं अर्धं तिथलं वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी दिसतं. 'सो दॅट'ला पूर्ण वाक्य लागतं, कर्ता आणि क्रियापद दोन्ही. 'टू'ला कर्ता नको, नुसतं मूळ क्रियापद. आणि 'शिकण्यासाठी आलो'चं 'फॉर लर्निंग' करू नका. 'साठी' दिसला की हात 'फॉर'कडे जातो, पण माणसाचा हेतू 'टू लर्न'नेच सांगतात. 'फॉर कटिंग' वगैरे वस्तू कशासाठी आहे ते सांगताना येतं, जसं कापायची सुरी.

आता तुमचा मेल पुन्हा लिहू. पहिलं वाक्य दोन प्रकारे होईल. 'वी विल नॉट सेंड द गुड्स अनलेस यू पे बाय फ्रायडे.' मी मुद्दाम मुख्य भाग पुढे घेतला, कारण अपवाद मागून आला की 'डोन्ट' घालायचा मोहही कमी होतो. पण हे ग्राहकाला जाणारं पत्र आहे आणि दोन नकारांमुळे त्याचा सूर दटावणीचा होतो. मला विचाराल तर मी 'अनलेस'च गाळीन: 'वी विल सेंड द गुड्स ॲज सून ॲज यू पे. प्लीज पे बाय फ्रायडे सो दॅट वी कॅन सेंड देम धिस वीक.' माहिती तीच, नकार एकही नाही, आणि 'पाठवता यावेत म्हणून' हा खरा हेतू असल्यामुळे 'सो दॅट'ही आपल्या जागी बसलं.

दुसरं वाक्य: 'द सर्व्हर वॉज डाउन, सो वी कुड नॉट रिप्लाय अर्लिअर.' 'दॅट' गेला, स्वल्पविराम आला, आणि सर्व्हर पुन्हा आपोआपच बंद पडला.